प्लायच्या दोन शीटांमधली तीन मिलिमीटरची फट

बेलापूरच्या एका रो-हाऊसचं उतरतं छप्पर आम्ही मे महिन्याच्या शेवटी बदललं. जुनी मंगलोरी कौलं उतरवली, लोखंडी सांगाडा घासून रंगवला, त्यावर प्लाय ठोकला, प्लायवर चिकटणारा पडदा म्हणजे मेम्ब्रेन आणि वर शिंगल्स, म्हणजे खिळ्यांनी ठोकायचे चपटे तुकडे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काम संपलं. जुलैच्या मध्यावर घरमालक काकांचा फोन आला. "अहो, गळत नाहीये, पण जरा येऊन बघता का? संध्याकाळी छपरावर रेघा दिसतात."

मी पाच-साडेपाचला पोचलो. पाऊस थोडा उघडला होता आणि खाडीकडून तिरपं ऊन छपरावर पडलं होतं. दर चार फुटांवर आढ्यापासून वळचणीपर्यंत एकेक उंचवटा सरळ रेषेत उठला होता. शिंगल्सच्या खाली कुणी दोरी ठेवावी तसा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात यातलं काहीच दिसलं नसतं. चार फूट ही प्लायच्या शीटची रुंदी, म्हणजे प्रत्येक रेघ दोन शीटांच्या सांध्यावर होती. शिडी लावून सहा फुटी पट्टी आडवी ठेवली, तर सांध्याजवळ काही ठिकाणी 8 मिलिमीटर आणि एका जागी 10 मिलिमीटर उंचवटा भरला.

कामावर देखरेख माझीच होती, त्यामुळे चूक कुठे झाली हे मला कळायला हवं होतं. प्लाय लावताना सुताराने शीटा एकमेकींना अगदी घट्ट भिडवल्या होत्या. फर्निचरमध्ये जशा भिडवतात तशाच. सांधा दिसू नये यातच त्याच्या हाताची सफाई असते. छपरावर मात्र हीच सफाई अंगाशी येते, कारण तिथे प्लाय वाढतो.

लाकूड पावसात भिजलं तरच फुगतं अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते हवेतलीही ओल घेतं. लाकडातली ओल टक्क्यांत मोजतात: 100 ग्रॅम पूर्ण सुक्या लाकडात 12 ग्रॅम पाणी असेल, तर ओल 12 टक्के. मे महिन्यात ठाणे-नवी मुंबईची हवा घामाघूम करते, तरी लाकडाच्या दृष्टीने ती बऱ्यापैकी कोरडी असते, आणि त्या हवेत ठेवलेला प्लाय साधारण 12-13 टक्क्यांवर स्थिरावतो. जुलैत हवेची आर्द्रता 85 टक्क्यांच्या पुढे जाते, तेव्हा त्याच प्लायची ओल 17-18 टक्क्यांवर जाते. त्याच्यावर पावसाचा एक थेंबही पडलेला नसला तरी. शीट हरियाणातल्या यमुनानगरच्या कारखान्यातून उन्हाळ्यात निघून थेट छपरावर चढली असेल, तर तिचा इथला प्रवास याहूनही खालून सुरू होतो.

प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एक उभा, एक आडवा असे चिकटवलेले असतात. लाकूड आडव्या दिशेला खूप फुगतं आणि उभ्या धाग्याच्या दिशेला जवळपास नाहीच. त्यामुळे थर एकमेकांना धरून ठेवतात आणि साध्या फळीच्या मानाने प्लाय फारच कमी वाढतो. पण शून्य नाही. ओल पाच-सहा टक्क्यांनी वाढली, तर एका मीटरमागे साधारण एक मिलिमीटर वाढ धरायची. आठ फुटी शीट 2440 मिलिमीटरची असते, ती सुमारे अडीच मिलिमीटर वाढते. चार फुटांच्या बाजूला सव्वा मिलिमीटर.

एवढ्याशा वाढीने 10 मिलिमीटरचा उंचवटा कसा येईल, असा प्रश्न काकांनाही पडला. त्यांच्या नातीच्या कंपासपेटीतून मी एक फुटी स्टीलची पट्टी मागून घेतली. पट्टीची दोन टोकं दोन तळव्यांत धरली आणि तळवे एकमेकांकडे जेमतेम 1 मिलिमीटर सरकवले. पट्टीच्या मध्ये सेंटिमीटरभर पोट आलं. तुम्हीही करून बघा, ही साधी भूमिती आहे. 30 सेंटिमीटरच्या अंतरात 1 मिलिमीटर जास्तीचं आलं की मधला भाग सुमारे साडेदहा मिलिमीटर उचलला जातो. प्लायलाही बाजूला सरकायला जागा नसेल आणि खाली लोखंडाला स्क्रूने बांधलेला असेल, तर तो दोन पर्लिनच्या मधे उचलला जातो. (पर्लिन म्हणजे सांगाड्यातले आढ्याला समांतर आडवे पाइप, ज्यावर शीटा टेकतात.) भिडलेल्या दोन कडा एकमेकींना वर ढकलतात आणि सांध्यावर रेघ उमटते.

आमच्या छपराचा हिशोब असा होता. एका उतारावर आढ्याच्या दिशेने सहा शीटा शेजारी शेजारी, म्हणजे 7.3 मीटर. एकूण वाढ सात मिलिमीटरच्या आसपास. सहा शीटांमध्ये पाच सांधे असतात. प्रत्येकात 3 मिलिमीटरची फट असती, तर 15 मिलिमीटर मोकळी जागा मिळाली असती आणि सगळी वाढ निम्म्या जागेत मावली असती. आम्ही ठेवलेली फट शून्य होती.

म्हणून फट 3 मिलिमीटर. अमेरिकेत बहुतेक घरांची छपरं प्लाय किंवा ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चपट्या कपच्या दाबून केलेल्या शीटवरच बसतात. तिथल्या प्लायवुड उद्योगाची सूचनाही हीच आहे: एक अष्टमांश इंच, चारही बाजूंनी, लांब कडांना आणि आखूड टोकांनाही. आपल्याकडे ही फट सुताराला तोंडी सांगून चालत नाही, कारण डोळ्यांना ती चुकीची दिसते आणि हात आपोआप शीट सरकवून मिटवतो. मी दहा गेजचे खिळे देतो. दहा गेजचा खिळा सव्वातीन मिलिमीटर जाड असतो. पहिली शीट बसली की तिच्या कडेला दोन-तीन खिळे उभे ठोकायचे, दुसरी शीट त्यांना टेकवायची, स्क्रू मारायचे आणि खिळे उपटून पुढे न्यायचे. अमेरिकेतले सुतार याच जाडीचा खिळा याच कामाला वापरतात.

फट ठेवायची तर एक गोष्ट वेल्डरशी आधीच बोलावी लागते. आपल्याकडची शीट पूर्ण 2440 ची असते आणि वेल्डर पर्लिन बरोबर दोन-दोन फुटांवर, म्हणजे 610 मिलिमीटरवर लावतो. चार पर्लिन-खण म्हणजे 2440, आता त्यात फटीला जागाच उरत नाही. उतारावर दोन शीटा असतील तर 3 मिलिमीटरचा फरक पाइपाच्या रुंदीत खपतो. चार शीटा एकापुढे एक आल्या, तर तिसऱ्या सांध्यापर्यंत 9 मिलिमीटर सरकलेले असतात. 40 मिलिमीटरच्या पाइपावर दोन शीटांचा सांधा मधोमध आला, तर प्रत्येकीला 20 मिलिमीटर टेकायला मिळतं. त्यातले 9 गेले की एकीला 11 उरतात. स्क्रू कडेपासून किमान 10 मिलिमीटर आत हवा, नाहीतर कड फाटते. म्हणजे तो स्क्रू पाइपाच्या काठावरून घसरणार. यावर उपाय दोन: पर्लिन 611 ला लावून घ्यायचे, किंवा प्रत्येक शीट लांबीत 3 मिलिमीटर कापून घ्यायची. पहिला स्वस्त आहे, पण तो सांगाडा उभा राहण्याच्या आधीच सुचायला हवा.

आता जाडी. "12 चा टाकू की 18 चा?" असं सुतार विचारतो तेव्हा त्याला आधी विचारा की पर्लिन किती अंतरावर आहेत. जाडीचं उत्तर त्या अंतरात आहे. प्लायचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 12 ऐवजी 18 म्हणजे जाडी दीडपट आणि ताठपणा जवळपास 3.4 पट. दुसऱ्या बाजूने, पर्लिनचं अंतर अडीच फुटांवरून दोन फुटांवर आणलं, तर त्याच माणसाच्या पायाखाली तोच प्लाय निम्माच दबतो. छपरावर सगळ्यात कठीण वजन शिंगल्सचं नसतं. खांद्यावर शिंगल्सचा गठ्ठा घेऊन एका पायावर उभा राहणारा कामगार हे खरं वजन, सगळं मिळून शंभर किलो, तळपायाएवढ्या जागेवर.

माझी पद्धत सांगतो. पर्लिन दोन फुटांवर असतील आणि शीटच्या लोंबत्या लांब कडांना खालून आधार असेल, तर चांगला 12 मिलिमीटर पुरतो. आधार देणार नसाल तर 16 किंवा 18. पर्लिन अडीच फुटांवर आधीच बसलेले असतील तर 18, शिवाय कडांना आधारही. 9 मिलिमीटर मी छपराला वापरत नाही, कारण शिंगल्सच्या खिळ्याला धरायला त्यात लाकूडच उरत नाही. आणि दुकानात 12 म्हणून दिलेली शीट व्हर्निअरने मोजून घ्या. घनाचा नियम उलटाही चालतो: 11 भरली तर ताठपणा जवळपास चौथ्या हिश्शाने कमी झाला.

"कडांना आधार" म्हणजे काय, ते इथेच सांगतो, कारण बेलापूरला हेही चुकलं होतं. शीट पर्लिनवर टेकते, पण तिची लांब कड दोन पर्लिनच्या मधल्या जागेत हवेत असते. शेजारच्या शीटची कडही तशीच. एकीवर पाय पडला की ती दबते, दुसरी जागेवर राहते आणि मेम्ब्रेन मधे ताणला जातो. अमेरिकेत यासाठी एच आकाराची पत्र्याची क्लिप दोन कडांमध्ये अडकवतात. ती कडा एका पातळीत ठेवते आणि फटही राखते. मला ती इथल्या दुकानांत क्वचितच मिळाली आहे. त्यामुळे मी वेल्डरकडून सांध्याखाली पर्लिन ते पर्लिन पाइपाचे छोटे तुकडे लावून घेतो.

शीटची दिशाही याच्याशी जोडलेली आहे. वरच्या थराचे धागे शीटच्या लांबीला धरून असतील, तर त्या दिशेला ती जास्त ताठ असते. म्हणून लांबी नेहमी आधारांना काटकोनात यायला हवी आणि एक शीट किमान तीन आधारांवर टेकायला हवी. परदेशी व्हिडिओत शीटा आढ्याला समांतर, आडव्या लावलेल्या दिसतात, कारण तिथले लाकडी वासे आढ्यापासून वळचणीकडे उभे उतरतात. आपल्याकडच्या लोखंडी सांगाड्यात वरचे पर्लिन आडवे असतात. मग शीट उताराच्या दिशेने उभी लावायला हवी. व्हिडिओ बघून ती आडवी लावली, तर 18 चा प्लायही चालताना लचकतो आणि दोष मात्र प्लायच्या दर्जाला दिला जातो.

दर्जाचं थोडक्यात. साधा एमआर प्लाय, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, छपरावर नको. त्यातला युरियाचा गोंद उष्ण पाण्याला टिकत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ओलं झालेलं छप्पर म्हणजे उष्ण पाणीच. आयएस 303 चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, किंवा आयएस 710 चा मरीन घ्या. शिक्क्यावर विश्वास नसेल तर वितभर तुकडा पातेल्यात सात-आठ तास उकळा. एमआरचे पापुद्रे सुटे होतात, चांगला प्लाय एकसंध राहतो. मरीन प्लायची प्रमाण चाचणी तर 72 तास उकळण्याची आहे. स्लॅबच्या सेंट्रिंगचा वापरलेला, गुळगुळीत पापुद्र्याचा प्लाय स्वस्तात मिळतो, पण त्यावर मेम्ब्रेन नीट धरत नाही आणि माणूसही घसरतो.

आता ओएसबी. अमेरिकेत छपरांना प्लायपेक्षा तीच जास्त वापरली जाते आणि आता इथेही मिळते. ती सरळ असते, आतमध्ये पोकळी नसते, आणि कोरड्या हंगामातल्या कामाला मला ती पसंत आहे. घेताना युरोपियन प्रमाणाचा ओएसबी/3 हा शिक्का बघायचा, म्हणजे दमट जागेत भार घेणारी. ओएसबी/2 फक्त कोरड्या जागेसाठी असते. पण ओएसबी/3 म्हणजेही जलरोधक नव्हे. 24 तास पाण्यात बुडवल्यावर तिची जाडी 15 टक्क्यांपर्यंत वाढलेली त्या प्रमाणात चालते. 12 मिलिमीटरच्या शीटला ते 1.8 मिलिमीटर झाले. आणि खरी अडचण पुढे आहे: प्लाय फुगून सुकला की बऱ्यापैकी मूळ जाडीवर येतो, ओएसबीची फुगलेली कड मात्र तशीच राहते. दाबून बसवलेल्या कपच्या पाण्याने एकदा उमलल्या की परत बसत नाहीत. ती कड शिंगल्सवर कायमची उमटते. शिवाय एकदा आत शिरलेलं पाणी ओएसबी प्लायपेक्षा सावकाश सोडते. म्हणून ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये छप्पर उघडून झाकून होणार असेल तर ओएसबी, आणि काम मेमध्ये लांबण्याची शंका असेल तर प्लाय. ओएसबी कापली की कापलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर मारा. कारखान्यातून कडांना लावून आलेला रंग कापताना निघून गेलेला असतो. खरखरीत बाजू वर ठेवा, पाय धरतो.

बेलापूरला आम्ही प्लायच वापरला होता, बीडब्ल्यूआर, 12 चा. तरीही दुसरी चूक झाली, आणि ती पाण्याची.

शीटा 26 मेपर्यंत ठोकून झाल्या. मेम्ब्रेन आणि शिंगल्स दुसऱ्या दिवशी यायचे होते, ते आठ दिवसांनी आले. तिसऱ्या रात्री वळवाचा पाऊस झाला. त्यानंतर मुकादमाने निळी ताडपत्री आणून प्लायवर सपाट पसरली आणि चारही बाजूंनी विटा ठेवून घट्ट दाबून टाकली. त्याने काळजीपोटीच केलं, मलाही तेव्हा बरं वाटलं. पण प्लाय तोवर भिजला होता. दिवसभर उन्हात ताडपत्रीखाली वाफ व्हायची आणि रात्री तीच वाफ ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन परत प्लायवर पडायची. पाणी बाहेर जायला कुठेच वाट नव्हती. वळचणीकडे उतार असल्यामुळे सगळ्यात जास्त पाणी तिथे साचलं.

ताडपत्री टाकायचीच तर प्लायवर आधी दोन-दोन इंची रिपा उताराच्या दिशेने ठेवायच्या, त्यावर ताडपत्री, आणि आढ्याकडे आणि वळचणीकडे बोटभर मोकळी वाट. वरून पाणी जाऊ नये पण खालून वारा फिरावा. त्याहून चांगलं म्हणजे मेम्ब्रेन साइटवर आल्याशिवाय पहिली शीट चढवायचीच नाही. जेवढा प्लाय दिवसभरात लागेल, तेवढा संध्याकाळपर्यंत मेम्ब्रेनने झाकायचा. आता मी एका दिवशी सहाच शीटा लावून घेतो, पण झाकूनच घरी जातो. मुंबईत पावसाची सरासरी तारीख 11 जून धरतात, पण वळीव तारीख विचारत नाही. त्यामुळे 15 मेनंतर मी उघडं छप्पर ठेवत नाही.

साइटवर साठवतानाही हीच काळजी. शीटा भिंतीला तिरप्या टेकवून ठेवल्या तर वाकतात आणि खालची कड जमिनीतली ओल पिते. चार रिपांवर, जमिनीपासून वीतभर उंच, आडव्या ठेवा. वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. गठ्ठ्याला पोलादी पट्टी बांधून आली असेल तर ती लगेच कापा, नाहीतर पट्टीखालची कड फुगताना चेपते. आणि छपरावर चढवण्याआधी दोन-तीन दिवस अशा उघड्या ठेवल्या, तर त्या इथल्या हवेची ओल आधीच थोडी घेतात.

भिजलेला प्लाय झाकायच्या लायक झाला का, हे हात लावून कळत नाही. वरचा थर दुपारच्या उन्हात दोन तासांत कोरडा लागतो, आतला ओलाच असतो. दोन सुया टोचून ओल दाखवणारं मीटर हे या कामातलं मी घेतलेलं सगळ्यात उपयोगी हत्यार. सुया तीन-चार मिलिमीटर आत जाऊ द्यायच्या, आणि शीटच्या मध्यावर तसंच कडेजवळही मोजायचं, कारण पाणी कडेतून शिरतं. मीटर साध्या लाकडासाठी बनवलेलं असतं आणि प्लायमधल्या गोंदामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो. त्यामुळे एकाच आकड्यावर न जाता, न भिजलेल्या शीटचा आकडा आधी घेऊन ठेवायचा आणि त्याच्याशी तुलना करायची. मेमध्ये 16 च्या आत आला तर मी मेम्ब्रेन लावू देतो. 20 च्या वर असेल तर थांबतो. लाकडाची ओल 20 च्या खाली राहिली तर त्यात सहसा बुरशी वाढत नाही. 28-30 च्या पुढे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मोकळं रान मिळतं. शिवाय ओल्या प्लायवर चिकटणारा मेम्ब्रेन आज धरल्यासारखा वाटतो आणि पहिल्या कडक उन्हात त्याखाली फोड येतात.

जुलैतल्या त्या संध्याकाळी मी खालच्या बाजूने, पोटमाळ्यावर चढून मोजलं. आढ्याजवळ 18 आणि 19, म्हणजे पावसाळ्यातल्या हवेला साजेसं. वळचणीजवळ 26, एका शीटला 28. वरून मेम्ब्रेनने तोंड बंद केलेलं, त्यामुळे मेमधलं पाणी अजून तिथेच होतं. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. चांगल्या शीटचा आवाज भरीव येतो. वळचणीच्या तीन शीटा बद्द वाजल्या आणि एकीच्या कडेला पापुद्रे उमलायला लागले होते. छपराखाली पीओपीचं सिलिंग लावायचं ठरलं होतं, ते काकूंनी पाहुणे येणार म्हणून थोडं पुढे ढकललं होतं. तेवढ्यामुळे वाचलो. सिलिंग लागलं असतं तर खालची वाटही बंद झाली असती आणि दिवाळीपर्यंत काळी बुरशी सिलिंगवर उतरली असती.

सुताराने त्याच दिवशी एक उपाय सुचवला. "साहेब, निम्मे स्क्रू काढून टाकू, प्लायला श्वास घेऊ दे." त्याला वाढीचं कारण बरोबर कळलं होतं, पण हे करायचं नाही. मुंबईच्या भागात इमारतीच्या हिशोबात वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद धरतात. त्या वेगाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातो, आणि उतरत्या छपराच्या कडांना तो वरच्या दिशेने ओढतो. शीटला धरून ठेवतात ते स्क्रूच. कडांना दर 150 मिलिमीटरला एक, मधल्या पर्लिनवर दर 300 ला एक, यात कपात नाही. वाढीला जागा फटीतून द्यायची, स्क्रू सैल करून नाही.

पावसाळ्यात आम्ही छपराला वरून हातच लावला नाही. खालून दोन पंखे लावले आणि वळचणीची जाळी मोकळी केली. ऑक्टोबरमध्ये सगळीकडे आकडे 16-17 वर आले, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 12-13 वर. उंचवटे आपोआप निम्म्याहून कमी झाले, पण गेले नाहीत. एकदा वाकलेला प्लाय पूर्ण सरळ होत नाही. मग सांध्यांवरच्या शिंगल्स आणि मेम्ब्रेन हातभर रुंदीने काढले, हातकटरची खोली बरोबर 12 मिलिमीटरला लावली आणि सांध्यावरून सरळ काप घेतला. कटरच्या पात्याची जाडी जवळपास 3 मिलिमीटर, त्यामुळे एका कापात हवी ती फट मिळाली. काप पर्लिनवरून जाताना पातं लोखंडाला लागू नये म्हणून तिथला भाग हाताने पूर्ण केला. सांध्याखाली पाइपाचे तुकडे स्क्रूने बसवले, कारण तयार छपराखाली वेल्डिंगची ठिणगी मला नको होती. दोन्ही कडा त्या तुकड्यांवर खेचून घेतल्या. वळचणीच्या तीन शीटा बदलल्या.

फट कोणत्या महिन्यात कापतो याला महत्त्व आहे. डिसेंबरात प्लाय सगळ्यात आखडलेला असतो, त्यामुळे तेव्हा पूर्ण 3 मिलिमीटर हवेत, जुलैत ते दीड-दोनवर येणारच आहेत. उलट कुणी नाइलाजाने भर पावसाळ्यात शीटा लावत असेल, तर त्या आधीच फुगलेल्या असतात. तिथे 2 मिलिमीटर पुरतात. उन्हाळ्यात त्या आखडून फट आपली आपण मोठी होते.

सिलिंग जानेवारीत लागलं, वळचणीला आणि आढ्याखाली हवेची वाट ठेवून. पुढच्या जुलैत मी परत पट्टी आणि मीटर घेऊन गेलो. वळचणीजवळ 17, आढ्याजवळ 18. संध्याकाळचं तिरपं ऊन पडेपर्यंत काकांबरोबर समोरच्या गल्लीत थांबलो. छपरावर सहा फुटी पट्टी आडवी ठेवली तर एका सांध्याला 2 मिलिमीटर भरलं, बाकीचे सपाट होते. गल्लीतून रेघ दिसली नाही.